पशुखाद्यातला कच्चा तंतू: आकडा हलतो कुठे?

आम्ल आणि कॉस्टिक दोन्ही सव्वा टक्क्याचेच वापरतो, तरी एकाच सरकी पेंडीचा आकडा कधी २२, कधी २५ येतो. असं का?

कच्चा तंतू म्हणजे एखादा ठरावीक पदार्थ नव्हे. आधी सौम्य सल्फ्युरिक आम्लात, मग कॉस्टिक सोड्यात प्रत्येकी अर्धा तास उकळून जे विरघळत नाही, त्यातून राख वजा केलेला भाग म्हणजे कच्चा तंतू. त्यामुळे कृती बदलली की आकडाही बदलतो.

अर्धा तास उकळी फुटल्यापासून मोजा, शेगडीवर ठेवल्यापासून नाही. द्रावण २०० मिली आहे ते शेवटपर्यंत तेवढंच राहायला हवं. पाणी उडालं तर आम्ल तीव्र होतं, जास्त विरघळवतं आणि आकडा खाली येतो. म्हणून बीकरच्या तोंडावर थंड पाणी भरलेला गोल बुडाचा फ्लास्क ठेवा, किंवा कंडेन्सर लावा. फेस आला की उलटा घोटाळा होतो: पेंडीचे कण काचेला वर चिकटून कोरडेच राहतात आणि आकडा चढतो. दर पाच मिनिटांनी बीकर हलक्या हाताने गोल फिरवा.

दळणही पाहा. १ मिमी चाळणीतून जाईल इतकंच दळा. जाड राहिलं तर आकडा वाढतो. पिठासारखं केलं तर बारीक तंतू गाळणीतून निसटतात. घाणीच्या पेंडीत तेल उरलेलं असतं, ते आधी पेट्रोलियम ईथरने काढा. नाहीतर कॉस्टिकमध्ये त्याचा साबण होतो. मात्र हिशेबात वजन तेल काढण्याआधीचंच धरायचं. इथे चुकणारे मी खूप पाहिले आहेत.

आम्लानंतर गाळताना कापड तुंबतं. तासभर थांबावं लागतं. काय करावं?

तासभर तो साका गरम आम्लात बसला, म्हणजे तुमची उकळ लांबलीच. गॅस बंद करताच गाळायला घ्या. द्रावण निवलं की स्टार्च आणि प्रथिनांचा चिकट थर जमतो, तो मग हटत नाही. सक्शन पहिल्यापासून पूर्ण लावू नका, बारीक कण छिद्रांत घट्ट बसतात. आधी हळू ओतू द्या, ओढ नंतर वाढवा.

उकळत्या पाण्याने धूत राहा. निथळणाऱ्या पाण्यात निळा लिटमस लाल होईनासा झाला की थांबा. मग कापडावरचा साका त्याच २०० मिलीतल्या उकळत्या कॉस्टिकच्या धारेने बीकरमध्ये उतरवा. साध्या पाण्याने उतरवलात तर कॉस्टिक पातळ होईल. फिल्टर पेपर वापरू नका, त्याचेच तंतू साक्यात मिसळतात.

शेवटी वाळवून वजन घेतलं की झालं ना? भट्टी कशाला?

मागे एका तयार खुराकाच्या नमुन्याचं काम माझ्याकडे आलं होतं. २.००० ग्रॅम घेतला होता. रिकामी मूस २८.२४१० ग्रॅम. साका धुऊन, अल्कोहोलने निथळून, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवल्यावर मूस २८.६१४२ ग्रॅम भरली. इथेच थांबलं तर ०.३७३२ ग्रॅम, म्हणजे १८.७ टक्के. मग ५५० अंशांवर जाळली, डेसिकेटरमध्ये गार केली: २८.३१०२ ग्रॅम. जळून गेलेले ०.३०४० ग्रॅम हाच तंतू, १५.२ टक्के. उरलेली राख बोटावर चोळली तर कचकचली. ती वाळू होती, जवळपास साडेतीन टक्के. वाळू आम्लातही विरघळत नाही, कॉस्टिकमध्येही नाही. भट्टीशिवाय ती तंतू म्हणून नोंदली गेली असती.

हिशेब जाळण्याआधी आणि नंतरच्या वजनांतल्या फरकावर चालतो, रिकाम्या मुशीचं वजन त्यात लागतही नाही. तरी ते लिहून ठेवा, राख किती ते त्यावरूनच कळतं. गरम मूस तराजूवर ठेवू नका. ५ मिलिग्रॅमची चूक इथे पाव टक्का होते.

कडबा इतका चिवट, तरी त्याचा कच्चा तंतू अपेक्षेपेक्षा कमी का?

ही पद्धत १९व्या शतकात जर्मनीतल्या गॉटिंगेनजवळच्या वेंडे इथे हेनेबर्ग आणि श्टोमान यांनी बसवली. तिचं मूळ दुखणं असं की कॉस्टिक लिग्निनचा बराच भाग विरघळवतो, आणि हेमिसेल्युलोजही बरंच निघून जातं. जनावराला न पचणारा भाग असा धुण्याच्या पाण्यातून जातो, आणि शंभरातून बाकीचे घटक वजा करण्याच्या हिशेबात सहज पचणाऱ्या पिष्टमय पदार्थांत जाऊन बसतो. चारा जितका जून, तितकी ही फसगत मोठी. म्हणून कडबा, गव्हाचं काड, उसाचं वाढं यांसाठी प्रयोगशाळेकडून लिग्निनसकट तंतू मोजणाऱ्या एनडीएफ आणि एडीएफ या चाचण्या करून घ्या. कारखान्यातल्या पोत्याचा माल एकमेकांशी ताडायला, टरफल किंवा तूस मिसळलाय का पाहायला, कच्चा तंतू अजूनही चालतो.