राष्ट्रपतींची सही झाली म्हणजे कायदा लागू झाला, असं मलाही वाटलं होतं

प्रश्न: विधेयकाचा कायदा होईपर्यंत एवढी वाचनं, समित्या, सह्या कशाला? बहुमत असेल तर एका दिवसात का उरकत नाहीत?

मी निवृत्त जिल्हा न्यायाधीश. तुमचं हे दुसरं वाक्य माझ्या थोरल्या भावाकडून गेली वीस वर्षं जेवताना ऐकत आलोय. गेल्या वर्षी त्याची मुलगी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागली आणि तिनेही मला फोनवर तेच ऐकवलं. माझा आवाज चढला, तिने फोन ठेवला, म्हणून मग पत्र लिहिलं. घरगुती मजकूर गाळून तेच इथे देतो.

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

पायऱ्या तुझ्या पुस्तकात आहेत, त्या परत सांगत नाही. त्या कशासाठी आहेत हे मला माझ्या एका फजितीतून कळलं, ती सांगतो.

2000 साल. मी एका तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. बांधावरून भांडण, नेहमीचा दावा. प्रतिवादीची लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला त्याचं उत्तर, समन्स मिळाल्यापासून एकेचाळिसाव्या दिवशी आली. माझ्या टेबलावर नवा कोरा बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसता कायद्याचा मजकूर छापलेलं पुस्तक, होता आणि त्यात दिवाणी प्रक्रिया संहितेची 1999 ची दुरुस्ती छापलेली होती: कैफियत 30 दिवसांत दाखल झाली पाहिजे. मी कैफियत घ्यायला नकार दिला आणि 'नो डब्ल्यूएस', म्हणजे कैफियतीविनाच दावा पुढे चालेल, असा हुकूम केला. नव्या कायद्याचा पहिला हुकूम आपल्या हातून झाला म्हणून मनातून खूशही होतो.

प्रतिवादीचे वकील म्हातारे होते. ते म्हणाले, "साहेब, दुरुस्ती झाली हे खरं. ती लागू झाल्याची अधिसूचना दाखवा." मी पानावरच्या तारखेवर बोट ठेवलं, 30 डिसेंबर 1999. "ती राष्ट्रपतींच्या अनुमतीची तारीख," ते म्हणाले. "कलम 1 चं पोटकलम 2 वाचा." आता कलम 1 कोण वाचतं? त्यात नाव असतं, म्हणून सगळे पान उलटतात. तिथे लिहिलं होतं की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जी तारीख ठरवेल, त्या तारखेला हा अधिनियम अंमलात येईल. अशी तारीख ठरलेलीच नव्हती. तरी मी हट्टाने हुकूम कायम ठेवला. वरच्या न्यायालयाने तो थोडक्यात रद्द केला आणि त्या थोडक्यात मला पुरेसं झोंबलं.

ती दुरुस्ती लागू झाली 1 जुलै 2002 ला. मधल्या अडीच वर्षांत देशभरातले वकील तिच्याविरुद्ध उभे राहिले आणि लागू होण्याआधीच ते वाक्य पुन्हा लिहावं लागलं. संसदेने 2002 मध्ये आणखी एक दुरुस्ती केली. 30 दिवस राहिले, पण न्यायाधीशाला कारण नोंदवून 90 दिवसांपर्यंत मुदत देता येईल असं झालं. दोन्ही दुरुस्त्या एकाच दिवशी अंमलात आल्या. सहीच्या दिवशीच जुनं वाक्य लागू झालं असतं, तर तलाठ्याकडून उतारा मिळायला सहा आठवडे लागलेल्या माणसाने आपली बाजू न मांडताच जमीन घालवली असती. माझ्या कोर्टात एकाची जातच होती, आणि घालवणारा मी होतो.

आता तिथून मागे ये. समिती कशाला? सभागृहात माणूस प्रेक्षकांसाठी बोलतो. समितीत दार बंद असतं, समोर खात्याचे अधिकारी असतात, बाहेरच्या जाणकारांना बोलावता येतं, आणि सत्ताधारी पक्षाचा खासदारसुद्धा विचारू शकतो की हे जमणार कसं. 30 दिवसांत उतारा मिळतो का, हा प्रश्न विचारायची जागा ती.

मग खंडवार विचार. विधेयकात असतो तो 'खंड', अधिनियम झाला की त्याचंच 'कलम' होतं. प्रत्येक खंड वेगळा मताला टाकतात, म्हणजे तत्त्व मान्य असलेल्यालाही एखाद्या खंडाला नाही म्हणता येतं. गंमत बघ, लोकसभेत खंड 1, अधिनियमन सूत्र म्हणजे 'संसद हा अधिनियम करत आहे' असं सांगणारं सुरुवातीचं वाक्य, आणि विधेयकाचं नाव सगळ्यात शेवटी घेतात. डब्यात काय उरलं हे कळल्याशिवाय चिठ्ठी चिकटवायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिसऱ्या वाचनात शाब्दिक किंवा ओघाने येणाऱ्या दुरुस्त्यांपलीकडे काही बदलता येत नाही, नाहीतर शेवटच्या क्षणी कोणीतरी नवीनच काही घुसवेल. 'आणि' हवं होतं तिथे 'किंवा' पडलं तर ते निस्तरायला आमच्याकडे पक्षकारांची वर्षं जातात.

दुसरं सभागृह म्हणजे तोच कागद वेगळ्या डोळ्यांनी वाचणं. दोघांचं जुळलंच नाही तर संयुक्त बैठक. तशी वेळ तीनदाच आली: 1961, 1978 आणि 2002. धन विधेयकाला तीही नाही, तिथे लोकसभेचंच चालतं.

आणि राष्ट्रपती. 2006 मध्ये कलामसाहेबांनी लाभाच्या पदाचं, म्हणजे कोणती सरकारी पदं घेऊनही खासदारकी टिकेल याचं, विधेयक परत पाठवलं. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि मग त्यांना सही करावी लागली. तुझे बाबा म्हणतील, मग उपयोग काय झाला? उपयोग हा की हरकत देशासमोर आली आणि ती माहीत असताना खासदारांना पुन्हा मत द्यावं लागलं. नकळत झालं, असं मग कोणाला म्हणता येत नाही.

तुझे बाबा बांधकामाचे ठेकेदार. स्लॅबचं सेंट्रिंग कोणी दोन दिवस आधी काढलं तर मजुराला साइटवरून हाकलतात. स्लॅब तर वरून पहिल्या दिवशीही कोरडाच दिसतो ना? त्यांना हे विचार, आणि काय म्हणतात ते मला कळव.

तुझा,
काका

आता पत्रात न लिहिलेलं. हल्ली बरीच विधेयकं समितीकडे जातच नाहीत. तेवढ्यापुरता माझा भाऊ आणि तुम्ही बरोबर आहात, एका दिवसात उरकतंसुद्धा. लागू करण्याची तारीख सरकारच्या हाती ठेवण्याचाही गैरफायदा होतो. दिल्लीचा 1995 चा भाडे कायदा राष्ट्रपतींची सही होऊनही कधी लागूच केला नाही. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमातलं कलम 30, म्हणजे वकिलांच्याच वकिली करण्याच्या हक्काचं कलम, लागू व्हायला 2011 उजाडलं. यात न्यायालय सरकारला फार तर विचार करायला सांगू शकतं, तारीख ठरवून देत नाही. केंद्राच्या अधिनियमात तारखेचा उल्लेखच नसेल तर मात्र तो अनुमतीच्या दिवसापासून लागू. राज्याच्या विधेयकाला अनुमती राज्यपालांची, काही राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात, तो वेगळा विषय.

तुम्हीही परीक्षेसाठी विचारत असाल तर पुस्तकातल्या पायऱ्या लिहा, मार्क त्यालाच आहेत. पण कुठलाही कायदा हातात आला की आधी कलम 1 वाचा.

भावाने पत्र वाचलं, असं पुतणीने कळवलं. सेंट्रिंगबद्दल काही बोलला नाही. "अक्षर सुधारलंय त्याचं," एवढंच म्हणाला.