फिल्टर चोंदलाय हे खरं, पण काळा धूर त्याचाच आहे का?

प्रश्न: टर्बोवाली डिझेल गाडी आहे, नऊ-दहा वर्षं जुनी. महिनाभर कच्च्या रस्त्यावरून ये-जा झाली. आता चढाला ओढत नाही, रेस दिली की मागून काळा धूर येतो आणि इंजिनचा पिवळा दिवा लागलाय. एअर फिल्टर चोंदलाय म्हणतात. फिल्टर बदलला की सगळं जाईल का?

उत्तर: ओढ बरीचशी परत येईल. धूर जाईलच असं मात्र मी सांगणार नाही. फिल्टर आधी बदला, त्यात दुमत नाही. पण बदलल्यावरही धूर राहिला तर "कंपनीचा फिल्टर नव्हता" म्हणत दुसरा आणायला जाऊ नका. तेव्हा बिघाड दुसरीकडे आहे असं समजा.

चोंदलेला फिल्टर म्हणजे काळा धूर, हे समीकरण जुन्या गाड्यांचं आहे. जुन्या डिझेल पंपाला हवेचं काही कळत नसे. पाय किती दाबलाय आणि इंजिन किती फिरतंय, एवढं बघून तो डिझेल सोडायचा. हवा कमी पडली तरी डिझेल तेवढंच, मग न जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर. तुमच्या गाडीत तसं नाही. फिल्टरच्या डब्यानंतर लगेच पाइपमध्ये हवा मोजणारा सेन्सर बसवलेला असतो (स्कॅनरवर तो `MAF` म्हणून दिसतो). आत किती हवा गेली हे तो दर क्षणी कॉम्प्युटरला कळवतो आणि तेवढ्या हवेत धूर न होता जेवढं जळेल तेवढंच डिझेल कॉम्प्युटर सोडतो. फिल्टर चोंदला की हवा कमी, म्हणून डिझेल कमी, म्हणून गाडी मेल्यासारखी चालते. धूर फारसा होत नाही, एकदम पाय दाबल्यावर क्षणभर एक भपका येतो तेवढाच.

म्हणजे तुमच्याकडे सतत काळा धूर येत असेल, तर मोजलेली हवा आणि सिलिंडरमध्ये खरोखर पोचलेली हवा यांचा हिशेब जुळत नाही. एक तर सेन्सर खोटं बोलतोय, नाहीतर मोजून झालेली हवा वाटेत कुठेतरी पळतेय. (सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या गाडीत असा धूर बाहेर दिसतच नाही. त्या गाडीत दिसला, तर तो फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय.)

माझ्याच गाडीचं सांगतो, 2.2 लिटरचं डिझेल. लक्षणं जवळजवळ तुमचीच. फिल्टर काढला तर घड्यांमध्ये पिठासारखी धूळ दाबून बसलेली, आतून टॉर्च लावला तरी बाहेर उजेड दिसेना. आधीच्या दोन सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याने नवा न टाकता हवा मारून तोच परत बसवला होता, हे मला तेव्हा कळलं. स्कॅनर लावल्यावर दोन कोड निघाले: `P0101`, म्हणजे हवेच्या सेन्सरचं रीडिंग अपेक्षेत बसत नाही, आणि `P0299`, म्हणजे टर्बोचा दाब मागितल्यापेक्षा कमी. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, टर्बो गेला." मी म्हटलं, आधी फिल्टर टाकू आणि चालत्या गाडीचे आकडे बघू.

हे आकडे तुम्हालाही बघता येतील. मोकळा, थोडा चढाचा रस्ता गाठा. तिसऱ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमला गाडी धरा आणि पाय पूर्ण दाबा. 2500 ला आल्यावर शेजारी बसलेल्याने दोनच आकडे टिपायचे: `MAF` (ग्रॅम प्रति सेकंद) आणि `MAP` (इनटेकमधला दाब, किलोपास्कलमध्ये, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेइतका, म्हणजे 100 च्या आसपास दिसतो). चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचंच नाही. कंपनीच्या स्कॅनरवर कॉम्प्युटरने किती दाब मागितला हेही दिसतं. माझ्या गाडीत या वेळी तो 210 मागत होता.

जुन्या फिल्टरवर हवा होती 70 आणि दाब 135. दोन्ही कमी. नवा फिल्टर टाकल्यावर हवा 88 झाली, दाब मात्र 165 वर अडकला. ओढ बरी झाली होती, धूर तसाच, किंबहुना थोडा जास्तच.

आता जरा साधा हिशेब करू. 2.2 लिटरचं इंजिन 2500 आरपीएमला सेकंदाला सुमारे 46 लिटर हवा गिळतं. बाहेरच्या दाबाला त्या हवेचं वजन साधारण 54 ग्रॅम. दाब 165 असेल तर हवा तेवढ्या पटीत दाट होते. पण टर्बोतून येताना ती तापते आणि सिलिंडरही काही शंभर टक्के भरत नाहीत. ही घट धरली की 73-74 ग्रॅम उरतात. सेन्सर तर 88 मोजतोय! मधले 14-15 ग्रॅम गेले कुठे? कॉम्प्युटरने 88 ग्रॅमच्या हिशेबाने डिझेल सोडलं आणि आत पोचली 73 ग्रॅम हवा. माझा काळा धूर तिथूनच येत होता.

टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा खालचा रबरी होज सापडला. त्याच्या क्लॅम्पच्या कडेला इंचभर चीर गेली होती. इंजिन बंद असताना ओठ मिटल्यासारखी ती बंद असायची, बोटानेही लागायची नाही. दाब चढला की उघडायची. मला ती सापडली डागामुळे. टर्बोनंतरच्या पाइपात तेलाचा थोडा ओलावा असतोच. चिरेतून तो फवारला जायचा आणि त्यावर धूळ बसून होजच्या पोटाला काळा, लोण्यासारखा लेप झाला होता. बाकीचा होज कोरडा आणि मातकट, ही एकच जागा ओली. धुळीच्या रस्त्याने माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार. होज बदलल्यावर हवा 91, दाब 210, धूर गायब. टर्बोला हातही लावावा लागला नाही.

तुमच्या आकड्यांवरून असं ओळखा. नव्या फिल्टरवर हवा आणि दाब दोन्ही कमी असतील तर अडथळा अजून अलीकडे आहे. डब्याच्या तोंडाकडचा पाइप बघा, त्यात पालापाचोळा किंवा चिखलाचा गोळा अडकलेला असतो. तिथे काही नसेल तर `EGR` व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो. मग जळलेला वायू आत येऊन ताज्या हवेची जागा खातो आणि आयडलिंगलाही हवेचा आकडा कमी दिसतो. हवा ठीक आणि दाब कमी असेल तर माझ्यासारखी गळती. दोन्ही ठीक असूनही धूर असेल तर इंजेक्टर तपासायला द्या. तिथे घरगुती उपाय नाही.

सेन्सर खोटं बोलतोय हेही शक्य आहे. फिल्टर काढला की डब्याची इंजिनकडची बाजू पांढऱ्या कापडाने पुसून बघा. कापडावर माती आली तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जातेय. हवा मारल्याने कागद फाटलेला असतो, किंवा डब्याचं झाकण नीट बसलेलं नसतं. बऱ्याच डब्यांना एका बाजूला खाचा आणि दुसऱ्या बाजूला क्लिपा असतात. खाचेत न बसवता नुसत्या क्लिपा दाबल्या तरी झाकण लागल्यासारखं वाटतं, पण मागे फट राहते. ती धूळ सेन्सरच्या तापलेल्या पातळ पट्टीवर बसते आणि रीडिंग बिघडतं. तो या सेन्सरसाठीच मिळणाऱ्या स्प्रेनेच धुवा, बोट किंवा ब्रश लावू नका, जोराची हवा मारू नका, आणि पूर्ण वाळल्यावरच कनेक्टर जोडा. कार्ब्युरेटर क्लीनर इथे चालत नाही.

कापडावर माती आली असेल तर एवढ्यावर थांबू नका. सेन्सर धुता येतो, पण तीच धूळ पुढे पिस्टनच्या रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते, आणि ते नंतर तेल खाण्यातून आणि निळसर धुरातून दिसतं. म्हणूनच "फिल्टर काढून चालवून बघा, फरक पडतो का" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, एका फेरीपुरताही नाही.

फिल्टरला हवा मारायची का? मी मारत नाही. अगदीच अडलात, नवा मिळेपर्यंत गाडी हवीच असेल, तर आतल्या स्वच्छ बाजूने बाहेर, कमी दाबाने आणि नळी लांब धरून. जमिनीवर आपटू नका, कडेचा रबरी सील वाकडा होतो. कच्च्या रस्त्यावर मी आता किलोमीटर मोजत नाही, दर दोन आठवड्यांनी डबा उघडून बघतो. गाडीच्या पुस्तकातही धुळीच्या वापरासाठी वेगळं, लवकरचं वेळापत्रक दिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही एवढंच.

दिव्याचं म्हणाल तर कोड आधी लिहून घ्या, मग दुरुस्ती, मग पुसा. आधीच पुसला की मेकॅनिकच्या हातात पुरावाच राहत नाही. दुरुस्ती खरी झाली असेल तर न पुसताही दिवा काही फेऱ्यांनी आपोआप जातो. तोपर्यंत पाय हलका ठेवा. गळती असताना मागितलेला दाब गाठायला टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरत राहतो, आणि मेकॅनिकचं "टर्बो गेला" मग खरं व्हायला वेळ लागत नाही.

आकडे काढलेत तर इथेच टाका, इंजिन किती लिटरचं तेही लिहा.