सांगलीत तीन दिवस, पोट सांभाळून

प्रश्न: सांगलीत तीन दिवस खास खाण्यासाठी येतोय. कुठल्या वेळी काय खावं?

उत्तर: दिवसाला एकच जड खाणं ठेवा आणि त्याची वेळ रोज बदला. मी सांगलीचाच, पाहुणे सकाळी मिसळ, दुपारी मटण चापतात आणि संध्याकाळी भेळेपुढे हात टेकतात, हे नेहमी बघतो.

- पहिला दिवस: सकाळी कटवडा, दुपारी नुसता ताकभात. सहाला भूक लागली की भडंगाची भेळ. लसूण-तिखट लावलेले हे चुरमुरे चिंचेचं पाणी पडताच मऊ पडू लागतात, म्हणून गाड्यापाशी उभ्यानेच खा. बांधून घ्यायचं तर भडंग कोरं घ्या. मऊ पडलेल्या भेळेवरून सांगलीची परीक्षा करू नका!
- दुसरा: सकाळी फक्त चहा, दुपारी तांबडा-पांढरा रश्श्यासह मटण थाळी. रात्री भूक नसेलच, जबरदस्ती नको.
- तिसरा: सकाळी हलके पोहे खाऊन नरसोबाची वाडी. दर्शनानंतर बासुंदी, घरी न्यायला कवठाची बर्फी.

मात्र जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर निघण्याआधी पाण्याची चौकशी करा. वाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आहे, पुरात मंदिरातच पाणी शिरतं.