घड्याळ कधी सुरू होतं

तू विचारलंस, डेटा गळतीसारखी घटना सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, म्हणजे सर्ट-इनला, कळवायचे सहा तास नेमके कधीपासून मोजायचे. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून, किंवा कुणी लक्षात आणून दिल्यापासून. समज, शुक्रवारी संध्याकाळी सातला बाहेरच्या कुणीतरी मेल केला की तुमच्या ग्राहकांची यादी उघडी पडलीय. सपोर्टवाल्याने तो सोमवारी वाचायचा ठरवला, तरी मुदत रात्री एकलाच संपली असं धरून चाल. कंपन्या इथेच फसतात. पूर्ण तपासाची वाट बघू नकोस. हाती आहे तेवढं incident@cert-in.org.in वर पाठव, उरलेलं नंतर.

डेटा संरक्षण मंडळाचा हिशोब वेगळा. 2025 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांतली गळती कळवण्याची तरतूद अधिसूचनेनंतर 18 महिन्यांनी लागू होते. मग मंडळाला प्राथमिक माहिती विनाविलंब आणि सविस्तर अहवाल गळती कळल्यापासून 72 तासांत द्यायचा. ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकालाही विनाविलंब कळवायचं: काय गेलं, परिणाम काय, त्यांनी काय करावं, फोन कुणाला करावा. ‘नुकसान किरकोळ आहे’ ही युरोपातली सवलत आपल्याकडे नाही. न कळवल्यास दंड 200 कोटींपर्यंत.

आणि हो, लॉग 180 दिवसांचे ठेवलेत ना? ते नसतील तर कुणाकुणाला कळवायचं हेच ठरवता येत नाही.