बहुविध बुद्धिमत्तेवर १५ मिनिटांचं प्रेझेंटेशन आहे, सरांनी टीकाही मागितली आहे. टीका कशी मांडू?

टीका शेवटच्या एका स्लाइडवर ढकलू नका. सिद्धांत ४ मिनिटांत उरका: हॉवर्ड गार्डनर, १९८३, आधी सात बुद्धिमत्ता, पुढे निसर्गविषयक आठवी. मेंदूला इजा झाल्यावर एखादीच क्षमता जाते, असे त्यांचे निकषही सांगा. नाहीतर टीका कशावर, तेच कळत नाही.

मग खरा मुद्दा. बुद्धिमत्ता स्वतंत्र असतील, तर एका बुद्धिमत्तेच्या चाचणीतल्या गुणांवरून दुसरीच्या चाचणीतल्या गुणांचा अंदाज येता कामा नये. २००६ मध्ये व्हिसर, ॲश्टन आणि व्हर्नन यांनी २०० जणांना १६ चाचण्या दिल्या, प्रत्येक बुद्धिमत्तेसाठी दोन. भाषा, गणिती तर्क, अवकाश आणि निसर्ग यांचे गुण एकमेकांसोबत वरखाली झाले, म्हणजे मागे एक सामायिक क्षमता दिसली. शारीरिक हालचालींच्या चाचण्यांचा तिच्याशी संबंध मात्र कमी होता. हेही सांगा, लपवू नका. त्यावर टीकाकार विचारतात, मग शारीरिक हालचालींच्या क्षमतेला बुद्धिमत्ता म्हणायचं की कौशल्य? गार्डनरांचं उत्तर असं की अशा चाचण्या त्यांच्या कल्पनेला न्याय देत नाहीत. पण मग सिद्धांत तपासायचा कसा, हा प्रश्न तिथेच सोडा.

हमखास होणारी चूक म्हणजे वर्गात ‘तुमची बुद्धिमत्ता ओळखा’ प्रश्नावली वाटणं. ‘मला गाणी आवडतात’ यावर खूण केली की आवड कळते, क्षमता नाही. आणि बहुविध बुद्धिमत्तेला ‘अध्ययन शैली’ म्हणू नका. ती गल्लत गार्डनरांनीच खोडून काढली आहे.