पहिल्या पाण्याला येणारे बुडबुडे

ड्रिपर म्हणजे गाळणीच्या कपात कॉफी पावडरीवर पहिलं गरम पाणी ओतलं की बुडबुडे येतात, ते म्हणजे कार्बन डायऑक्साइड. कॉफीच्या बिया भाजताना तो आत अडकतो आणि गरम पाणी लागताच सुटतो. बाहेर पडणारा वायू पाण्याला आत शिरू देत नाही. म्हणून एकदम सगळं पाणी ओतलंत तर ते कडेने निसटतं आणि कॉफी पातळ, आंबट लागते.

१५ ग्रॅम पावडरीवर आधी ४० ग्रॅम पाणी गोल फिरवत ओता, ड्रिपर हलकेच हलवा, म्हणजे कोरडी गुठळी राहणार नाही. ३०-४५ सेकंद थांबा, मग उरलेलं पाणी ओता. भाजून दोन-तीनच दिवस झाले असतील तर फुगवटा जोरदार येईल. थोडं जास्त थांबा. काहीच फुगलं नाही तर बहुधा कॉफी जुनी आहे.