आयडी बंद झाली, केलेल्या कामाचे पैसे कुठे गेले?

प्रश्न: मी पुण्यात फूड डिलिव्हरी करतो. गावी गेलो होतो तेव्हा दोन दिवस मित्राने माझ्या आयडीवर ऑर्डरी मारल्या. नंतर आयडी बंद झाली आणि ११,८६० रुपये अडकले. ‘मित्राची चूक माफ करा, आयडी चालू करा आणि पैसे द्या’ असा ईमेल मी कंपनीला केला. उत्तर आलं, ‘अटींनुसार रक्कम जप्त.’ गिऱ्हाइकांची २,३०० रुपये कॅश माझ्याकडे आहे. ती ठेवून घेऊ का? आता काय लिहू?

उत्तर: कॅश ठेवून घेऊ नका. ती गिऱ्हाइकांनी कंपनीसाठी तुमच्या हाती दिली आहे. दाबून ठेवलीत, तर तुमच्या कमाईचा प्रश्न बाजूला पडेल आणि विश्वासघाताची तक्रार पुढे येईल.

आयडी दुसऱ्याच्या हातात देऊ नये हे करारात लिहिलेलं असतं आणि तुम्हालाही ते ठाऊक होतं. वर ते ईमेलमध्ये लिहूनही दिलंत. आता ते नाकारायला जाऊ नका, त्याने उरलेला दावाही खोटा वाटू लागेल. ईमेलमधली दुसरी चूक म्हणजे आयडी आणि पैसे एकाच दमात मागितले. असं कंत्राट चालू ठेवायला कोर्ट कंपनीला सहसा भाग पाडत नाही, म्हणून आयडीचा विषय या पत्रातून काढून टाका. केलेल्या कामाचे पैसे हा वेगळा हक्क आहे.

सगळं अडलंय ते ‘जप्त’ या कलमावर. अटीत जप्ती लिहिली म्हणजे विषय संपला, असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाईच घेता येते. करारात लिहिलेला आकडा ही फक्त तिची कमाल मर्यादा. हाती असलेली रक्कम जप्त करण्यालाही हेच कलम लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने फतेह चंद प्रकरणात १९६३ मध्ये सांगितलं. २०१५ च्या कैलाश नाथ प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की नुकसान झालेलंच नसेल तर भरपाई नाही, आणि ते मोजता येण्यासारखं असेल तर सिद्ध करावं लागतं. म्हणजे मित्राच्या दोन दिवसांमुळे नेमकं किती रुपयांचं नुकसान झालं, हे कंपनीने दाखवायचं आहे.

म्हणून आकडे वेगळे करा. समजा ११,८६० मध्ये मित्राच्या दोन दिवसांचे १,६४० आणि आठवड्याच्या इन्सेंटिव्हचे १,५०० आहेत. या दोन्हींवर वाद होऊ शकतो. आठवडाअखेर आयडी चालू असावी अशी इन्सेंटिव्हची अट बऱ्याचदा असते. ते बाजूला ठेवले की ८,७२० उरतात. त्या ऑर्डरी तुम्ही स्वतः पोचवल्या, त्यांच्याबद्दल कसली तक्रारही नाही. पत्राचा भर या रकमेवर ठेवा, आणि ३,१४० रुपयांवरचा हक्क सोडलेला नाही एवढं एक वाक्य लिहा.

पत्राचा गाभा असा: “अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी स्वतः पूर्ण केलेल्या, सोबतच्या यादीतील ऑर्डरींचे ८,७२० रुपये देणे आहे. माझ्याकडील २,३०० रुपये कॅश कुठे भरायची ते लेखी कळवा, किंवा ती वजा करून ६,४२० रुपये १५ दिवसांत खात्यावर जमा करा. रक्कम रोखायची असल्यास झालेलं नुकसान तपशिलासह कळवा.” हे पत्र कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, प्रत तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. हेल्प चॅटवरच्या तिकिटांना पत्र समजू नका.

ऑर्डरींची यादी मात्र आजच करा. अ‍ॅप अनइन्स्टॉल करू नका. कमाईचं पान अजून उघडत असेल तर रोजच्या आकड्याचे आणि ऑर्डर क्रमांकांचे स्क्रीनशॉट घ्या. पान बंद झालं असेल तर ईमेलवरची साप्ताहिक स्टेटमेंट शोधा. आयकर पोर्टलवर तुमच्या नावाचा टीडीएसही पाहा. न दिलेल्या रकमेवर कर कापून भरलेला दिसला, तर ती तुमच्या नावे जमा धरली होती याचा तो चांगला पुरावा आहे.

नव्या श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत आणि सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्याही आहे. पण काम सुटल्यावर कामकाजाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता करण्याचा वेतन संहितेतला नियम कर्मचाऱ्यांसाठी आहे आणि तुम्ही त्यात बसता की नाही यावर वाद होईल. पत्र त्यावर उभं करू नका.

पंधरा दिवसांत काही आलं नाही तर शिवाजीनगरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व लोकअदालतीसाठी अर्ज द्या. तिथे कोर्ट फी नाही आणि तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं. कंपनीला यायची सक्ती मात्र करता येत नाही. ती आली नाही तर करारातलं लवादाचं कलम घेऊन वकिलाला भेटा. लवादाचं ठिकाण बहुधा दुसऱ्या शहरात असतं, त्यामुळे एवढ्या रकमेसाठी तो खर्च परवडेल का, हे कलम वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. मुदत काम केल्या तारखेपासून साधारण तीन वर्षं धरा. तुमचा पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही.